‘यावरून’ म्हणजे कशावरून? निबंधातला एक परिच्छेद बांधताना

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि लालबागच्या आमच्या अभ्यासिकेत एक नवीच धास्ती शिरली. वर्षानुवर्षं चार पर्यायांतला बरोबर गोल काळा करायचा सराव केलेली ही मुलं. आता पानंच्या पानं हाताने लिहायची, त्यात निबंधाचा स्वतंत्र पेपर. मी रविवारी सकाळी तिथे उत्तरं तपासायला बसते. पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं की मुलांचं शुद्धलेखन बघावं लागेल, फार तर माहितीतल्या चुका काढाव्या लागतील. पण माहिती त्यांना माझ्याहून जास्त असते. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सात खरी वाक्यं एकाखाली एक लिहिलेली असतात, आणि तरी त्यांचा परिच्छेद झालेला नसतो.

मुलं त्याला ‘पॅरा पाडणे’ म्हणतात. पान भरलं की नवी ओळ, थोडी जागा सोडून सुरुवात. पॅरा असा पाडता येत नाही, तो बांधावा लागतो. कसा, ते एकाच परिच्छेदावर दाखवते. तो कुर्ल्याच्या एका मुलीचा आहे आणि तिच्या परवानगीने इथे देते आहे.

सातही वाक्यं खरी, मग चुकलं कुठे?

विषय होता, ‘मुंबईतील पूर : निसर्गाचा कोप की नियोजनाचे अपयश?’ तिने नियोजनाची बाजू घेतली होती. तिसऱ्या पानावरचा हा परिच्छेद:

“मुंबई ही भारताची आर्थिक राजधानी आहे. दरवर्षी पावसाळ्यात मुंबई तुंबते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यात शेकडो लोकांचे प्राण गेले. मिठी नदीच्या काठी अतिक्रमणे झाली आहेत. प्लास्टिकचा कचराही नाल्यांत अडकतो. यावरून नियोजनाचे अपयश दिसून येते.”

मी ‘यावरून’ या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, “कशावरून?”

तिला ते लागलं. “ताई, वर सगळं लिहिलंय की!” लिहिलं होतंच. पण समजा तपासणारा मनातून ‘निसर्गाचा कोप’ या बाजूचा आहे. तो 944 हा आकडा वाचेल आणि म्हणेल, बघा, एका दिवसात जवळजवळ एक मीटर पाऊस, याला कोण काय करणार? म्हणजे तिच्या परिच्छेदातला सगळ्यात दणदणीत पुरावा समोरच्याच्या कामी आला. तो तिच्या बाजूने का बोलतो, हे सांगणारं वाक्यच तिथे नव्हतं. अतिक्रमणं आणि प्लास्टिक हे आणखी दोन वेगळे मुद्दे, प्रत्येकी एका वाक्यात उरकलेले. आणि आर्थिक राजधानी तर नुसती पाहुणी म्हणून आलेली.

चार भाग, एकदाच सांगून टाकते

आधी पूर्ण निबंधाबद्दल. वैचारिक निबंधात लेखकाला शेवटी पटवून द्यायची असते ती एक गोष्ट. तिला मी प्रतिपादन म्हणते. त्यानंतरचा प्रत्येक परिच्छेद त्या प्रतिपादनाचा एक छोटा हिस्सा आपल्या अंगावर घेतो. त्या परिच्छेदात चार कामं व्हावी लागतात. पहिलं, हा परिच्छेद काय म्हणणार हे सांगणारं विषयवाक्य. दुसरं, त्याचा पुरावा. तिसरं, त्या पुराव्यातून ते म्हणणं कसं निघतं याचा उलगडा. चौथं, हे सगळं मूळ प्रतिपादनाशी बांधणारी जोड. इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत ‘पील’ म्हणून शिकवतात ते हेच: पॉइंट, एव्हिडन्स, एक्स्प्लनेशन, लिंक.

बाकीच्या तिघांपेक्षा उलगडा अवघड, आणि नेमका तोच गाळला जातो. म्हणून माझा या लेखातला बराच वेळ तिथे जाणार आहे.

विषयवाक्य म्हणजे फलाटावरचा इंडिकेटर

दादरला उभे राहून आपण गाडीच्या तोंडाकडे बघत नाही, वर इंडिकेटर बघतो. ठाणे, धीमी, बारा डबे. एवढ्यावर माणूस ठरवतो की चढायचं की नाही, आणि चढल्यावर मधल्या प्रत्येक स्टेशनला दचकत नाही. विषयवाक्याचं काम तेच. ‘मुंबई ही भारताची आर्थिक राजधानी आहे’ हा इंडिकेटर नाही, कारण त्यावरून गाडी कुठे जाणार ते कळत नाही.

तिने दुसऱ्यांदा लिहिलं, “26 जुलै 2005 रोजी मुंबईत अभूतपूर्व पाऊस पडला.” आधीपेक्षा बरं, निदान विषयाला धरून. पण या वाक्याला ‘नाही’ कोण म्हणेल? हवामान खात्याची नोंद आहे, वाद संपला. ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही ते वाक्य पुराव्याच्या जागी बसतं, विषयवाक्याच्या नाही. विषयवाक्य असं हवं की समोर बसलेल्या शहाण्या माणसाने भुवई थोडी वर करावी आणि म्हणावं, “असं? दाखव बघू.”

दुसऱ्या टोकाचीही चूक होते. तिसऱ्या खेपेला तिने लिहिलं, “मुंबईच्या सर्व समस्यांचे मूळ चुकीच्या नियोजनात आहे.” आता भुवई वर गेली खरी, पण हे ओझं एका परिच्छेदाला पेलणारं नाही. त्याला पुस्तक लागेल. म्हणून मी तिला विचारलं की तुझ्या संपूर्ण निबंधाचं म्हणणं एका वाक्यात सांग, मग त्यातला एक तुकडा तोडू. बरीच खाडाखोड करून तिचं प्रतिपादन असं झालं: पाऊस निसर्ग पाडतो, पण तो शहरात किती तास साचून राहणार हे शहराच्या बांधणीवर ठरतं.

हे वाक्य मला आवडलं, कारण त्यात निसर्गाला सोडून दिलेलं नाही. ‘कोप की अपयश’ असा प्रश्न आला की मुलं एका बाजूला उडी मारतात आणि दुसरी बाजू अस्तित्वातच नाही असं लिहितात. तिने दोघांना आपापलं काम वाटून दिलं.

आणि त्यातून तोडलेला तुकडा, म्हणजे या परिच्छेदाचं विषयवाक्य: “मुंबई तुंबायला विक्रमी पाऊस लागत नाही, नेहमीची एखादी जोरदार सर पुरते.”

पुरावा निवडताना मोठा आकडा फसवतो

विषयवाक्य असं ठरल्याबरोबर 944 बाद झाला. तिला ते पचायला वेळ लागला, आणि मी समजू शकते. तो पाऊस तिच्या घरात शिरलेला आहे. ती तेव्हा अगदी लहान होती, पण कुर्ल्याच्या त्यांच्या घरात दाराच्या चौकटीवर आजीने पेन्सिलीने मारलेली रेघ अजून आहे, बाजूला तारीख. रंगकाम निघालं की तेवढी चौकट सोडून द्यायची असा घरातला नियम. ती रेघ कुठे आहे हे दाखवायला ती अभ्यासिकेत उठून भिंतीपाशी गेली आणि हात टेकवला. बटणांच्या बोर्डाच्या वर चार बोटं.

ही रेघ उत्तम पुरावा आहे. पण कशाचा? पाणी किती चढलं याचा. का चढलं हे ती रेघ सांगत नाही. 944 चंही तसंच आहे. तो आकडा सांगतो की त्या दिवशीचा पाऊस विक्रमी होता, आणि आपलं विषयवाक्य तर म्हणतंय की विक्रम लागतच नाही. पुरावा खरा आहे, मोठा आहे, हृदयाला भिडणारा आहे, पण या वाक्याचा नाही.

शेजारी बसलेल्या डोंबिवलीच्या मुलाने आणखी एक आकडा पुढे केला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर पाऊस होता. “म्हणजे अर्धी मुंबई कोरडी होती ताई, हे टाकलं तर भारी वाटेल.” भारी वाटेल हे खरं. पण मी मुलांना एक सवय लावते आहे, ती अशी की पुरावा हातात घेतला की आधी तो विरुद्ध बाजूच्या माणसाच्या हातात देऊन बघायचा. निसर्गवाला हा आकडा घेऊन काय म्हणेल? म्हणेल, ढग नेमका उपनगरांवर फुटला, म्हणजे निसर्गाचाच खेळ. त्याचंच पारडं जड झालं. तेव्हा तो आकडा या परिच्छेदातून गेला.

मग हवं काय होतं? विक्रम नसतानाही शहर का तुंबतं, हे दाखवणारी वस्तुस्थिती. ती आकाशात नाही, रस्त्याखाली आहे. मुंबईतले जुने पर्जन्यजल नाले ताशी साधारण 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेतील असा हिशेब धरून बांधलेले होते, आणि तोही समुद्राला ओहोटी आहे असं गृहीत धरून. ही क्षमता ताशी 50 मिलिमीटरपर्यंत न्यावी अशी शिफारस ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहवालात होती. तो अहवाल 1993 चा. म्हणजे 26 जुलैच्या बारा वर्षं आधीचा.

25 हा आकडा 944 पुढे किरकोळ दिसतो. पण तो विषयवाक्याच्या अगदी शेजारी बसतो.

उलगडा: पुरावा स्वतः काही बोलत नाही

आता मुख्य भाग. आपल्याकडे सोसायटीची वार्षिक सभा भरते तेव्हा खजिनदार पाण्याचं बिल टेबलावर ठेवतो. गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट. एक काका म्हणतात, टाकी गळतेय. दुसऱ्या काकू म्हणतात, चौथ्या मजल्यावर भाडेकरू भरलेत. तिसरे म्हणतात, दरच वाढला असेल. बिल एकच आहे आणि त्यावर कोणाचाच वाद नाही. वाद आहे तो बिलापासून कारणापर्यंतच्या वाटेवर. जो माणूस म्हणतो, “भाडेकरू मे महिन्यात आले, बिल फेब्रुवारीपासूनच चढलंय, आणि रात्री सगळे नळ बंद असतानाही मीटर फिरतो,” त्याच्याकडे सभा वळते. त्याने नवीन बिल आणलेलं नसतं. त्याने फक्त बिल आणि गळती यांच्या मधली पावलं दाखवलेली असतात.

तीच पावलं म्हणजे उलगडा. आमच्या परिच्छेदात ती कोणती? मी तिला लिहायला न सांगता बोलायला सांगितलं.

“नाले 25 चे आहेत,” ती म्हणाली.

“मग?”

“मग पाऊस त्याहून जास्त पडतो.”

“एखाद्या वर्षी?”

“नाही ताई, दरवर्षीच. एक सर जोरात आली की झालं.”

“मग?”

“मग उरलेलं पाणी जाणार कुठे? रस्त्यावरच थांबणार ना. आणि भरती असली की नाल्याचं तोंडच पाण्याखाली, मग तर उलट.”

झालं. दोनदा ‘मग’ विचारल्यावर उलगडा बाहेर आला. तिला तो येत होताच. कागदावर लिहिताना मात्र ती 25 वरून थेट ‘नियोजनाचे अपयश’ वर उडी मारत होती, कारण मधलं सगळं तिला उघड वाटत होतं. कुर्ल्यात वाढलेल्या माणसाला ते उघडच आहे. तपासणारा मराठवाड्यातला असू शकतो, त्याने भरतीच्या वेळी तुंबलेलं गटार पाहिलेलं नसेल. पाहिलेलं असलं तरी मार्क त्याला काय माहीत आहे यावर मिळत नाहीत.

उलगडा नसल्याची खूण ओळखायला सोपी आहे. पुराव्यानंतरचं वाक्य ‘यावरून दिसून येते’, ‘यातून सिद्ध होते’, ‘हे स्पष्टच आहे’ असं सुरू होत असेल तर बहुधा पावलं गाळलेली आहेत. हे शब्द वाईट नाहीत, पण ते पुलाच्या जागी लावलेली ‘येथे पूल आहे’ अशी पाटी असतात. दुसरी खूण म्हणजे उलगड्याच्या जागी पुरावाच पुन्हा सांगितलेला असतो. ‘नाल्यांची क्षमता 25 मिलिमीटर आहे. म्हणजेच नाले फारच कमी पाणी वाहून नेतात.’ इथे वाचक एक पाऊलही पुढे गेला नाही, त्याच फलाटावर उभा आहे.

उलगड्यात आणखी एक काम असतं आणि ते करायला धीर लागतो. आपल्या पुराव्याची हद्द आपणच सांगायची. समजा 1993 ची शिफारस लगेच अमलात आली असती आणि नाले 50 चे झाले असते. तरी 26 जुलै टळला असता का? 944 ला 24 ने भागलं तर सरासरी ताशी 39 येते. वरवर पाहता 50 च्या नाल्यात 39 बसायला हवेत, आणि एका मुलाने तसं लिहिलंही होतं. पण तो पाऊस चोवीस तास सारखा पडलाच नव्हता. त्याचा मोठा भाग दुपारपासून रात्रीपर्यंतच्या थोड्या तासांत कोसळला. सरासरीने ती दुपार लपवली. तेव्हा 50 चे नालेही त्या दिवशी हरलेच असते, आणि हे कबूल केल्याने परिच्छेद कमकुवत होत नाही. उलट, वाचकाच्या मनात उठणारी शंका आपणच उचलून बाजूला ठेवल्यामुळे उरलेलं म्हणणं त्याला जास्त पटतं.

जोड म्हणजे विषयवाक्याची झेरॉक्स नव्हे

चौथं काम थोडक्यात सांगते, कारण तीन नीट जमली की हे बरंचसं आपोआप जमतं. जोड परिच्छेदाला निबंधाच्या मूळ प्रतिपादनाकडे परत नेते. मुलं इथे विषयवाक्यच शब्द फिरवून लिहितात: ‘अशा प्रकारे मुंबईला नेहमीचा पाऊसही पुरतो.’ ते वाचक पहिल्याच ओळीत वाचून बसलाय. विषयवाक्य परिच्छेदाबद्दल बोलतं, तर जोड परिच्छेदामुळे मोठ्या वादात काय फरक पडला ते सांगते.

तपासायची युक्ती अशी. जोडीचं वाक्य उचलून निबंधातल्या दुसऱ्या एखाद्या परिच्छेदाच्या शेवटी ठेवून बघा. तिथेही सुखाने बसलं तर ती जोड नाही. ‘म्हणून नियोजनाकडे लक्ष देणे काळाची गरज आहे’ हे वाक्य पुराच्या, वाहतुकीच्या, कचऱ्याच्या, कुठल्याही परिच्छेदाखाली बसतं. सुरक्षा पिनेसारखं.

बांधून झालेला परिच्छेद

चौथ्या खर्ड्यात तिने लिहिलं ते हे. एक-दोन शब्द माझे आहेत, बाकी तिचं.

“मुंबई तुंबायला विक्रमी पाऊस लागत नाही, नेहमीची एखादी जोरदार सर पुरते. शहरातील जुने पर्जन्यजल नाले ताशी साधारण 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तोही ओहोटी गृहीत धरून, बांधलेले होते. ही क्षमता दुप्पट करावी, असे ब्रिमस्टोवॅड अहवालाने 1993 मध्येच सुचवले होते. मात्र ताशी 25 मिलिमीटरहून जोराची सर मुंबईत अपवाद नाही, ती पावसाळ्याचा भाग आहे. तिच्यातले जे पाणी नाल्यात मावत नाही ते सखल रस्त्यांवर थांबते. त्याच वेळी भरती असेल तर नाल्यांची तोंडे समुद्राच्या पाण्याखाली जातात आणि मावणारे पाणीही अडते. 26 जुलै 2005 चा पाऊस दुप्पट क्षमतेच्या नाल्यांनाही पेलला नसता, हे खरे. पण हिंदमाता किंवा मिलन सबवे येथे वर्षानुवर्षे गुडघाभर पाणी साचत आले, ते त्या एका दिवसाच्या पावसाने नव्हे. पाऊस किती पडावा हे शहर ठरवू शकत नाही. नेहमीच्या पावसाला किती रुंद वाट ठेवायची हे मात्र शहरच ठरवते, आणि पाणी किती तास थांबणार याचे उत्तर त्या रुंदीत आहे.”

पहिलं वाक्य विषयवाक्य. दुसरं आणि तिसरं पुरावा. ‘मात्र’ पासून हिंदमातापर्यंत उलगडा, आणि तो पुराव्याच्या दुपटीहून लांब आहे हे बघा. शेवटची दोन वाक्यं जोड. त्यात ‘किती तास’ हे शब्द मूळ प्रतिपादनातून उचललेले आहेत, त्यामुळे वाचकाला धागा हातात लागतो. 944 हा आकडा गेला, पण ती तारीख राहिली, आणि आता ती समोरच्याच्या नव्हे, तिच्या कामाला आहे. आर्थिक राजधानी गेली आणि कोणालाच तिची आठवण झाली नाही. मिठी आणि प्लास्टिक यांना आपापला परिच्छेद मिळाला.

“पण ताई, असं साच्यात घातलं तर सगळ्यांचं सारखंच होईल”

हा आक्षेप दर रविवारी येतो, आणि त्यात तथ्य आहे. चारही कामं त्याच क्रमाने, त्याच लांबीत, दहा परिच्छेद केली तर तपासणारा तिसऱ्यापाशी जांभई देईल. पण चार ही कामांची यादी आहे, क्रमाची सक्ती नाही. पुराव्याने सुरुवात करता येते. आजीच्या पेन्सिलीच्या रेघेपासून परिच्छेद सुरू करून विषयवाक्य तिसऱ्या ओळीत आणलं तर बहार येईल, फक्त इंडिकेटर फार उशिरा लागू नये. दोन पुरावे एकमेकांसमोर ठेवता येतात. कधी जोड पुढच्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यातच होते: ‘वाट रुंद केली, तरी ती समुद्रापर्यंत मोकळी राहिली पाहिजे,’ असं म्हणत मिठीकडे जाता येतं.

ललित निबंधाला मात्र हे लावू नये. तिथे लेखक भटकतो, आणि भटकणं हीच मजा असते. शाळेत ‘पावसाळ्यातला एक दिवस’ लिहिताना ज्या सवयी लागल्या, त्या वैचारिक निबंधात आड येतात आणि उलटही होतं. विषयात ‘की’, ‘कितपत’, ‘चर्चा करा’ असं काही दिसलं तर बांधायचं.

“आकडे आठवले नाहीत तर?”

मग अंदाजाने ठोकू नये, एवढं नक्की. चुकीचा आकडा असलेल्या परिच्छेदापेक्षा आकडा नसलेला परिच्छेद कधीही बरा. नाल्यांची क्षमता आठवत नसेल तर भरतीची गोष्ट आठवेल, आणि ती आकड्याशिवायही पुरावा आहे: मुंबईतल्या नाल्यांची तोंडं समुद्रात आणि खाड्यांत उघडतात, भरतीला ती पाण्याखाली जातात, म्हणून हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशा ठिकाणी पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रं बांधावी लागली. उताराने पाणी जात असतं तर पंप बसवायचं कारणच नव्हतं. हा अर्धा पुरावा आहे आणि अर्धा उलगडा, आणि यात एकही आकडा नाही.

“एवढा वेळ कुठे असतो परीक्षेत?”

चार खर्डे घरी करायचे. परीक्षेत मी त्यांना एवढंच करायला सांगते की मागच्या पानावर प्रत्येक परिच्छेदासाठी दोनच ओळी लिहा, पहिली विषयवाक्याची आणि शेवटची जोडीची, मध्ये जागा सोडून. सगळ्या परिच्छेदांच्या या जोड्या ओळीने वाचल्या की निबंध पुढे सरकतोय की गोल फिरतोय ते दोन मिनिटांत कळतं. मधल्या जागेत पुराव्याचा एक शब्द, ‘25’ किंवा ‘भरती’. उलगडा तिथे लिहायचा नाही. तो लिहिता लिहिता स्वतःला ‘मग?’ विचारत काढायचा.

गेल्या रविवारी ती मिठीचा परिच्छेद घेऊन आली. विषयवाक्य चांगलं होतं, नदीची वाट आवळल्यामुळे काठच्या वस्त्यांत पाणी जास्त चढतं असं. पुरावाही नेमका: विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन निघालेली नदी विमानतळाजवळ काटकोनात वळवलेली आहे, आणि पुढे माहीमच्या खाडीला मिळण्याआधी जिथे तिचं पाणी पसरायचं त्या पाणथळ जागेवर वांद्रे-कुर्ला संकुल उभं आहे. आणि लगेच पुढचं वाक्य, ‘यावरून स्पष्ट होते की...’

मी पेन उचललं, तोवर तिनेच कपाळावर हात मारला.

“काटकोन आहे, मग?” मी विचारलं.

“मग पाणी सरळ वेगाने येतं आणि तिथे धडकतं. वळायला त्याला वेळ लागतो, तोवर मागून आणखी येतं. मागचं पाणी पुढे जाऊ शकत नाही, म्हणून ते वर चढतं. आमच्याकडे.”

“हेच लिही.”

“असंच? ‘आमच्याकडे’ पण?”

“‘आमच्याकडे’ च्या जागी ‘कुर्ल्यात’ लिही.”

तिने ‘यावरून स्पष्ट होते की’ वर आडवी रेघ मारली आणि समासात बारीक अक्षरात लिहायला घेतलं.